कोपरा दोनदा मोजू नये : कोटेशनसाठी अँगलचे मीटरमागे वजन

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मी ज्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यात काम करतो, तेथे गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस महापे येथील एका कारखान्याची चौकशी आली. भिंतीलगत जाणारे पाइप धरून ठेवण्यासाठी त्यांना चाळीस त्रिकोणी ब्रॅकेट हवे होते आणि ते ५० बाय ५० बाय ६ च्या समभुज अँगलमध्येच करावेत, असे ड्रॉइंगवर स्पष्ट लिहिले होते. एका ब्रॅकेटला ६०० मिलिमीटरचा आडवा तुकडा, ४५० चा भिंतीलगतचा उभा आणि ६५० चा तिरका, असे तीन तुकडे लागत होते. कोटेशनच्या कोऱ्या नमुन्यात ‘वजन’ नावाचा एक रकाना असतो आणि दर किलोवर ठरणार असल्यामुळे बाकीचे सगळे आकडे त्या एका रकान्यावर उभे राहतात. तो रकाना नीट कसा भरावा, वजनांचा तक्ता हाताशी नसताना केवळ बाजू आणि जाडी यांवरून अँगलचे वजन कसे काढावे आणि ते काढताना आमच्याच गाळ्यात वर्षानुवर्षे कोणती चूक होत होती, हे या लेखात सांगणार आहे.

अँगल म्हणजे काटकोनात जोडलेल्या दोन पट्ट्या, असे आपण मनात धरतो आणि तेथेच हिशेब चुकतो. ‘५० बाय ५० बाय ६’ या नावातील दोन्ही ५० म्हणजे मिलिमीटरमधल्या बाजू, ६ म्हणजे जाडी आणि दोन्ही बाजू बाहेरून मोजलेल्या असतात. एका बाजूच्या टोकापासून कोपऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत ५० आणि दुसऱ्या बाजूच्या टोकापासून त्याच कोपऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत पुन्हा ५०. याचा अर्थ असा की कोपऱ्यातला ६ बाय ६ चा चौकोन दोन्ही मापांत सामील आहे. हे कागदावर पटले नाही, तर पुठ्ठ्याच्या ५० मिलिमीटर लांबीच्या आणि ६ रुंदीच्या दोन पट्ट्या कापाव्यात आणि त्या ‘एल’ अक्षरासारख्या टेबलावर मांडाव्यात. बाहेरून दोन्हीकडे ५० भरायचे असेल, तर कोपऱ्यावर एक पट्टी दुसरीवर चढते आणि दोन्ही सपाट बसवायच्या असतील, तर एकीचा ६ मिलिमीटरचा तुकडा कापावाच लागतो. म्हणजे खरा अँगल ५० ची एक पट्टी आणि ४४ ची दुसरी पट्टी मिळून होतो. दोहोंची बेरीज ९४ येते, १०० नव्हे.

हेच सूत्राच्या रूपात मांडायचे, तर बाजूची दुप्पट करावी, त्यातून जाडी एकदा वजा करावी आणि जे उरेल त्याला जाडीने गुणावे. आपल्या अँगलसाठी १०० वजा ६ म्हणजे ९४ आणि ९४ गुणिले ६ म्हणजे ५६४. अँगल आडवा कापल्यावर जो ‘एल’ आकाराचा चेहरा दिसतो, त्याचे हे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये आले.

आता या ५६४ चे किलो कसे करायचे? पोलादाची घनता दर घनमीटरला ७८५० किलो धरतात, पण हा आकडा तसाच वापरू लागलो तर शून्ये मोजता मोजता गोंधळ होतो. त्यापेक्षा असा विचार करावा की ज्याचा छेद फक्त एक चौरस मिलिमीटर आहे, अशी एक मीटर लांबीची बारीक तार घेतली, तर तिचे आकारमान एक हजार घन मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक घन सेंटिमीटर होते, आणि एक घन सेंटिमीटर पोलाद ७.८५ ग्रॅम भरते. तेव्हा छेदाच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागे एका मीटरला ७.८५ ग्रॅम, अर्थात ०.००७८५ किलो. आपल्या छेदात अशा ५६४ तारा शेजारीशेजारी आहेत असे समजावे. ५६४ गुणिले ०.००७८५ म्हणजे ४.४२७. म्हणून ५० बाय ५० बाय ६ च्या अँगलचे वजन मीटरला सुमारे ४.४३ किलो होते.

ज्यांचे कोटेशन संगणकावर तयार होते, त्यांनी पहिल्या रकान्यात बाजू, दुसऱ्यात जाडी आणि तिसऱ्यात एकूण मीटर लिहून चौथ्या व पाचव्या रकान्यात पुढील दोन ओळी घातल्या की मीटरमागचे वजन आणि एकूण वजन मिळते. बाजू व जाडी मिलिमीटरमध्येच लिहावी, एवढे पथ्य पाळावे.

```
=B2*(2*A2-B2)*0.00785
=D2*C2
```

एवढे झाल्यावर कोणीतरी हमखास तक्ता उघडून दाखवतो, कारण भारतीय मानकाच्या जुन्या तक्त्यांत आणि व्यापाऱ्यांच्या खिशातल्या पुस्तिकांत या अँगलपुढे ४.५ किलो लिहिलेले असते. मग आपले ४.४३ चुकले का? चुकले नाही, पण ते थोडे कमी आहे. मिलमध्ये रोल होऊन आलेला अँगल आपल्या पुठ्ठ्यासारखा धारदार नसतो. त्याचा बाहेरचा कोपरा काटकोनी असला, तरी दोन बाजू आतून जेथे मिळतात तेथे पोलादाची गोलाई भरलेली असते आणि दोन्ही बाजूंची टोके आतल्या अंगाने थोडी गोल केलेली असतात. आतल्या कोपऱ्यात धातू वाढतो, टोकांना तो घटतो. चौकोनातून पाव वर्तुळ काढल्यावर जो कोपरा उरतो, त्याचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या ०.२१४६ पट असते. म्हणून आतल्या कोपऱ्याच्या त्रिज्येचा वर्ग घ्यावा, त्यातून टोकाच्या त्रिज्येच्या वर्गाची दुप्पट वजा करावी, कारण टोके दोन आहेत, आणि उरलेल्याला ०.२१४६ ने गुणावे. आतली त्रिज्या ७ आणि टोकांची ३.५ धरली, तर ४९ वजा २४.५ म्हणजे २४.५ आणि त्याला ०.२१४६ ने गुणल्यावर साधारण ५.३ चौरस मिलिमीटरची भर पडते. ५६४ चे ५६९.३ झाले आणि वजन ४.४३ चे ४.४७ झाले. तक्ता त्याला एका दशांशापर्यंत वर ओढून ४.५ म्हणतो.

त्रिज्या माहीत नसल्या, तर ही दुरुस्ती सोडून दिली तरी चालते, असे माझे मत आहे, कारण नेहमीच्या आकारांत ती सुमारे एक टक्का किंवा त्याहून कमी असते आणि पुढे ज्या चुका सांगणार आहे त्यांच्यापुढे ती किरकोळ आहे. मात्र ड्रॉइंगसोबत ग्राहकाने स्वतःचा तक्ता पाठवला असेल, तर आपला हिशेब बाजूला ठेवून त्याच्या तक्त्यातलाच आकडा घ्यावा आणि कोटेशनमध्ये तसे एका ओळीत लिहावे. बिल तपासताना तो तोच तक्ता उघडणार असतो.

आता त्या जुन्या चुकीकडे वळतो. आमच्या गाळ्यात मी येण्यापूर्वीपासून अँगलचे वजन काढण्याची एक रीत चालत आली होती. बाजू अधिक बाजू, गुणिले जाडी, गुणिले ०.००७८५. म्हणजे कोपरा वजा करायचाच नाही. ५० बाय ५० बाय ६ साठी या रीतीने ६०० चौरस मिलिमीटर आणि मीटरला ४.७१ किलो येतात. या चुकीचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. दोनदा मोजला गेलेला कोपरा ६ बाय ६ चा असतो, म्हणून ही रीत वापरणारा माणूस प्रत्येक अँगलच्या पोटात ६ मिलिमीटरची एक चौरस सळई लपलेली आहे, असे समजून तिचेही पैसे धरत असतो. त्या सळईचे वजन मीटरला ०.२८ किलो. ती कोणी विकत घेत नाही, कोणी कापत नाही आणि काट्यावर ती कधीच चढत नाही.

मी नवीन असताना हे मालकांना दाखवले. ते वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे असून सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांनी कागद पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “अरे, तू म्हणतोस ते बरोबर असेल, पण वीस वर्षं याच हिशेबानं धंदा केला, कधी तोटा झाला नाही. मग चूक कुठं राहिली?”

या प्रश्नाला माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हते. ते पुढे महाप्याच्या ब्रॅकेटचा हिशेब मांडताना सापडले आणि खरे तर या लेखाचा गाभा तेच उत्तर आहे.

चाळीस ब्रॅकेटना लागणारा अँगल असा होता. ६०० चे चाळीस तुकडे म्हणजे २४ मीटर, ४५० चे चाळीस म्हणजे १८ मीटर आणि ६५० चे चाळीस म्हणजे २६ मीटर. एकूण ६८ मीटर. मीटरला ४.४७ किलोने याचे वजन ३०४ किलो होते. हे तयार मालाचे, म्हणजे ग्राहकाच्या भिंतीवर प्रत्यक्ष लागणाऱ्या पोलादाचे निव्वळ वजन. परंतु कळंबोलीच्या बाजारातून अँगल ६८ मीटर मिळत नाही, तो सहा मीटरच्या लांब्यांत येतो. ६८ ला ६ ने भागले की ११.३३ येतात, तेव्हा बारापेक्षा कमी लांब्यांत हे काम होणे शक्य नाही. बारा लांब्यांत तरी ते होते का, हे तुकडे प्रत्यक्ष मांडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

ते मांडून पाहिले. कटरच्या पात्याने दर कापाला तीन मिलिमीटर खाल्ले जातात, असे धरले. चार लांब्यांतून ६५० चे प्रत्येकी नऊ तुकडे निघाले. पाचव्या लांबीतून ६५० चे उरलेले चार, ६०० चे चार आणि ४५० चे दोन असे ५९०० मिलिमीटर बसले. पुढच्या चार लांब्यांतून प्रत्येकी ६०० चे नऊ आणि ४५० चा एक निघाला. दहाव्या आणि अकराव्या लांबीतून ४५० चे तेरा तेरा तुकडे निघाले आणि शेवटच्या लांबीतून ४५० चे आठ कापून सुमारे २.३७ मीटरचा एक चांगला तुकडा हाती राहिला. म्हणजे बारा लांब्या पुरल्या. बारा लांब्या म्हणजे ७२ मीटर आणि त्यांचे वजन ३२२ किलो.

आता तीन आकडे शेजारीशेजारी ठेवावेत. निव्वळ वजन ३०४, खरेदीचे वजन ३२२ आणि काकांच्या रीतीने ६८ मीटरचे वजन ३२०. कोपरा दोनदा मोजल्यामुळे जी खोटी सळई हिशेबात शिरत होती, तिने कापण्यात जाणारा आणि उरणारा माल जवळजवळ पूर्ण भरून काढला होता. वीस वर्षे तोटा झाला नाही तो यामुळे. एक चूक दुसऱ्या विसरलेल्या गोष्टीची भरपाई करत होती आणि दोन्ही गोष्टी कोणाच्या लक्षात आल्या नव्हत्या.

अशी भरपाई सर्वत्र होईल, असे धरता येत नाही, कारण दोन्ही गोष्टी निरनिराळ्या कारणांनी कमीजास्त होतात. खोट्या सळईचे प्रमाण बाजू आणि जाडी यांच्या नात्यावर ठरते. ५० बाय ५० बाय ६ मध्ये ते सूत्राच्या वजनाच्या सहा टक्क्यांहून थोडे अधिक आहे, १०० बाय १०० बाय ६ मध्ये ते तीन टक्क्यांच्या आसपास उतरते, तर ७५ बाय ७५ बाय १० मध्ये सात टक्क्यांवर जाते. याउलट कापण्यातला तोटा तुकड्यांच्या लांबीवर ठरतो आणि त्याचा अँगलच्या जाडीशी काही संबंध नसतो. एखाद्या मांडणीला २.१ मीटरचे खांब हवे असले, तर सहा मीटरच्या लांबीतून दोनच खांब निघतात आणि १.८ मीटरचा तुकडा उरतो. निव्वळ वजन शंभर किलो असेल, तर खरेदी १४३ किलोची करावी लागते. त्या तुकड्याला लगेच दुसरे काम मिळाले नाही, तर सहा टक्क्यांची खोटी सळई तेथे काय पुरणार? काकांचा धंदा टिकला, कारण गाळ्यात येणारी कामे बहुतेक लहान तुकड्यांची होती.

दुसरी अडचण ग्राहकाच्या बाजूने येते. एका कामात आमचे कोटेशन परत आले, तेव्हा त्यांच्या इंजिनिअरने वजनाच्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल करून शेजारी स्वतःचा आकडा लिहिला होता आणि तो आमच्यापेक्षा पाच टक्क्यांनी कमी होता. त्याने कोपरा एकदाच मोजला होता. आम्ही कापण्यातला तोटा भरून काढत होतो, असे त्याला सांगण्याची सोय नव्हती, कारण कोटेशनमध्ये तोटा असा शब्दच नव्हता. तेथे होते फक्त वजन आणि ते वजन चुकीचे होते. ती पाच टक्के आम्हाला सोडून द्यावी लागली.

म्हणून आता आम्ही वजन आणि तोटा वेगळे ठेवतो. वजनाच्या रकान्यात निव्वळ ३०४ किलो लिहितो आणि तोटा दरात घेतो. हिशेबापुरता कच्च्या मालाचा दर किलोला ६० रुपये धरला, तर ३२२ किलोचे १९,३२० रुपये होतात. हेच पैसे ३०४ किलोंवर पसरले, की निव्वळ किलोमागे मालाचा खर्च साधारण साडेत्रेसष्ट रुपये येतो. उरलेला २.३७ मीटरचा तुकडा साडेदहा किलोंहून थोडा जास्त भरतो. तो पुढच्या कामात नक्की लागणार असेल, तर त्याची किंमत वजा करता येते. कोपऱ्यात पडून गंजणार असेल, तर करू नये. हा निर्णय सूत्र देत नाही, तो गाळ्यातल्या मालाकडे पाहूनच घ्यावा लागतो.

भोकांचे वजन वजा करावे का, असेही कधी कधी विचारले जाते. एका ब्रॅकेटला १४ मिलिमीटरची चार भोके होती. अशा एका भोकातून सात ग्रॅमच्या आसपास धातू निघतो. चाळीस ब्रॅकेटचा मिळून हिशेब एक किलोपेक्षा थोडा जास्त होतो आणि तेवढे, किंवा त्याहून अधिक, वेल्डिंगमध्ये परत येते. आम्ही भोके वजा करत नाही आणि वेल्डिंग मिळवत नाही. पण हे कोटेशनच्या अटींत लिहिलेले असावे.

इथवर जाडी ६ आहे, असे आपण गृहीत धरले. प्रत्यक्षात ती ६ असते का, हा पुढचा प्रश्न आणि अनुभवाने सांगतो की नुकसान बहुधा येथेच होते. सूत्रात जाडी बदलून पाहावी. ६ ऐवजी ५.५ घातली, तर १०० वजा ५.५ म्हणजे ९४.५, गुणिले ५.५ म्हणजे ५१९.७५ चौरस मिलिमीटर आणि वजन ४.०८ किलो. जाडी अर्धा मिलिमीटर कमी झाली, तर वजन जवळजवळ आठ टक्के घसरते. दहाव्या भागाच्या, म्हणजे ०.१ मिलिमीटरच्या फरकाने वजन दीड टक्क्याहून थोडे अधिक हलते. आतल्या गोलाईची दुरुस्ती सोडली तरी चालेल असे मी म्हणालो, ते यासाठीच. जो जाडी नीट मोजत नाही, त्याने त्रिज्या शोधत बसण्यात अर्थ नाही.

जाडी टेपने मोजू नये, व्हर्निअरने मोजावी आणि ती बाजूच्या मधोमध घ्यावी. टोकाजवळ गोलाईमुळे माप कमी येते आणि कोपऱ्याजवळ आतल्या भरावामुळे ते जास्त येते. दोन्ही बाजूंवर, लांबीच्या दोन्ही तोंडांपाशी, अशी चार मापे घेऊन त्यांची सरासरी काढली, की आकडा भरवशाचा होतो. गंजाची खपली असेल, तर आधी ब्रशने काढावी, नाहीतर व्हर्निअर गंजही मोजतो.

याच ठिकाणी सुताचा घोळही सांगायला हवा. आमच्याकडे कारागीर अजून सुतात बोलतात. आठ सुतांचा एक इंच, म्हणून ‘दोन इंची, दोन सूत’ म्हणजे बाजू दोन इंच आणि जाडी पाव इंच. एका नव्या मुलाने हे ऐकून इंचाचे काटेकोर मिलिमीटर केले, ५०.८ आणि ६.३५, आणि ते सूत्रात घातले. वजन ४.७५ आले, म्हणजे खऱ्यापेक्षा सहा टक्क्यांहून अधिक. त्याचे गणित बरोबर होते, पण बाजारात तसा अँगल येत नाही. ‘दोन इंची, दोन सूत’ हे आता केवळ बोलण्यातले नाव राहिले आहे आणि माल येतो तो ५० बाय ५० बाय ६ चाच. तसेच ‘दीड इंची, दीड सूत’ म्हटले की समोरचा ४० बाय ४० बाय ५ चा अँगल देतो. तोंडी सुतात बोलायला हरकत नाही, पण कोटेशनच्या कागदावर आणि सूत्रात मिलिमीटरचाच आकडा जावा. लांबीचेही तसेच आहे. ‘वीस फुटी’ म्हणून जी लांबी मागवली जाते, ती सहा मीटरची असू शकते आणि वीस फूट म्हणजे ६.०९६ मीटर. बारा लांब्यांवर हा फरक सुमारे १.१५ मीटर होतो, तेव्हा आल्यावर टेप लावून पाहणेच बरे.

माल घेताना व्यापाऱ्याला एक प्रश्न आधी विचारावा. बिल काट्याच्या वजनावर होणार की तक्त्याच्या? तक्त्याने बारा लांब्या, अर्थात ७२ मीटर, ४.५ ने ३२४ किलो होतात. माल थोडा हलका असेल, तर काट्यावर त्या कमी भरतील आणि तक्त्याने बिल झाले, तर न मिळालेल्या पोलादाचे पैसे जातील. येथे काट्याच्याही मर्यादा ओळखाव्यात. ज्यावर भरलेला ट्रक चढतो त्या काट्यावरचा आकडा बहुधा ५ किंवा १० किलोंच्या पायरीने बदलतो. तीनशे किलोंच्या मालात १० किलोंची पायरी म्हणजे तीन टक्के आणि गाडीतले डिझेल किंवा क्लीनर मधल्या काळात कमीजास्त झाला, तर तेवढी अचूकताही उरत नाही. एवढ्या मालासाठी दुकानातला लहान प्लॅटफॉर्म काटाच योग्य. त्यावर एकच लांबी आडवी ठेवून वजन घ्यावे. आपल्या हिशेबाने सहा मीटरची एक लांबी २६.८ किलो भरायला हवी. पंचविसाच्या खाली आली, तर व्हर्निअर खिशातून काढावा.

हे सूत्र कोठे लागू नाही, तेही थोडक्यात सांगतो. विषमभुज अँगलमध्ये बाजूच्या दुपटीऐवजी दोन्ही बाजूंची बेरीज घ्यावी, जाडी मात्र तशीच एकदा वजा करावी. पत्रा वाकवून केलेल्या अँगलला हे सूत्र नेमके लागू होत नाही, कारण त्याचा बाहेरचा कोपराही गोल असतो. तेथे पत्र्याची कापलेली रुंदी गुणिले जाडी हा सरळ हिशेब अधिक खरा असतो. स्टेनलेस स्टीलची घनता साध्या पोलादापेक्षा किंचित वेगळी असते, म्हणून ०.००७८५ तेथे वापरू नये. आणि ब्रॅकेट जस्तात बुडवून द्यायचे असतील, तर वजन वाढते. चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त मागितले असेल, तर या अँगलच्या मीटरभर लांबीचा पृष्ठभाग साधारण ०.२ चौरस मीटर असल्यामुळे मीटरला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पावणेतीन टक्क्यांच्या जवळपास भर पडते. जस्ताचा दर काळ्या वजनावर की बुडवल्यानंतरच्या वजनावर, हे गॅल्व्हनायझिंगवाल्याशी आधी बोलून घ्यावे.

महाप्याचे कोटेशन आम्ही ३०४ किलो निव्वळ वजन, तुकड्यांची यादी आणि ‘मीटरला ४.४७ किलो’ ही एक ओळ जोडून पाठवले. त्यांच्या इंजिनिअरचा फोन आला, तेव्हा तो वजनाबद्दल काही बोलला नाही, दरावर मात्र अर्धा तास घासाघीस केली. ऑर्डर मिळाल्यावर कळंबोलीहून आलेली पहिली लांबी काट्यावर ठेवली, ती २६.५ किलो भरली. व्हर्निअरने चार ठिकाणी जाडी घेतली, ती ५.९ आणि ६ च्या दरम्यान होती. काम झाल्यावर पाच ब्रॅकेट एकदम काट्यावर ठेवले. हिशेबाने ३८ किलो यायला हवे होते, काटा ३७.६ वर थांबला. काकांनी तो आकडा पाहिला, वहीच्या कडेला लिहिला आणि शेजारी चौकटीत एक लहानसा ‘एल’ काढून त्याच्या कोपऱ्यावर फुली मारली.